दोन तुकड्यांच्या सरासरीतला फरक आणि एक गचाळ फोटो: १ की ९?

विट्याची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. अकरावीच्या अ आणि ब तुकडीच्या पहिल्या सत्राच्या गणिताच्या निकालावर शनिवारी पालकसभेत बोलायचं आहे. अ तुकडीला यंदा आठवड्याला एक जादा सराव तास दिला होता. त्याचा उपयोग झाला की नाही, हे मला आकड्यांत सांगायला सांगितलंय.

माझ्याकडे मुलांचे वेगवेगळे गुण नाहीत. आहे तो फक्त गोषवाऱ्याच्या पानाचा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो. मूळ वही कपाटात, किल्ली परीक्षा बघणाऱ्या सरांकडे आणि सर वारीत. फोटोत हाताने लिहिलेलं असं दिसतं:

अ तुकडी: बसलेले ४२, सरासरी ६१.४०, प्रमाण विचलन १.४७, कमीत कमी ४१, जास्तीत जास्त ७९.
ब तुकडी: बसलेले ४९, सरासरी ५६.१५, प्रमाण विचलन १२.३१, कमीत कमी २८, जास्तीत जास्त ८४.

गुण शंभरपैकी. १.९६ ने गुणून मी फरकाचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तो १.७७ ते ८.७३ आला. शून्य त्यात नाही, म्हणजे फरक आहे असं म्हणू का? एक कबूल करते, सरांचा १ आणि ९ सारखाच दिसतो. वरची गाठ कधी पूर्ण फिरते, कधी नाही.

मिरज_जंक्शन

ताई, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना दाबला जातो, म्हणून बारीक रेषा पुसट होतात. पाठवणाऱ्याला सांगा की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा. तेव्हा मूळ आकाराचा येतो. आणि पान खिडकीजवळ नेऊन, फ्लॅश बंद करून काढायला लावा. काम झालं!

विट्याची_मास्तरीण

धन्यवाद, पण वही कुलूपबंद आहे. ज्यांनी फोटो काढला त्यांनी तो गॅलरीतून उडवलाय. आहे त्यावरच भागवायचं आहे.

अभि_पलूस

मॅडम, मी बी.एस्सी. स्टॅटला आहे. १.४७ हा आकडा मला खटकतो. अख्ख्या तुकडीचं विचलन दीड गुण? मला वाटतं ती स्टँडर्ड एरर असावी. ९.५ च्या आसपासच्या प्रमाण विचलनाला ४२ च्या वर्गमुळाने भागलं तर बरोबर १.४७ च्या जवळ येतं.

आणि सोपा मार्ग सांगतो. दोन्ही तुकड्यांचे इंटरव्हल वेगवेगळे काढा आणि एकमेकांवर चढतात का बघा. चढत असतील तर फरक सिद्ध होत नाही. विचलन ९.४७ धरलं तर अ चा इंटरव्हल ५८.४५ ते ६४.३५. ब चा, बसलेले ४१ धरून, ५२.२६ ते ६०.०४. म्हणजे ५८.४५ पासून ६०.०४ पर्यंत दोन्ही चढतात. निष्कर्ष: फरक नाही.

निवृत्त_गणक

अभिजीतराव, तुमचा पहिला संशय रास्त आहे, पण उत्तर घाईचं आहे. आणि दुसरा मुद्दा सपशेल चुकतोय. आधी आकडे साफ करू, मग तिकडे येतो.

स्टँडर्ड एरर म्हणता, पण तो रकाना एकच आहे. त्याच रकान्यात ब समोर १२.३१ आहे. ती स्टँडर्ड एरर असूच शकत नाही, कारण त्यावरून विचलन ऐंशीच्या घरात जाईल. एकाच रकान्यात एका ओळीत विचलन आणि दुसरीत स्टँडर्ड एरर कोण लिहील? साधं कारण असताना विचित्र कारण शोधू नये. तो ९ आहे.

हे नुसतं वाटणं नाही, फोटोतूनच दाखवता येतं. अ तुकडीत एक पोरगं ४१ वर आणि एक ७९ वर आहे. सरासरी ६१.४०. पहिलं सरासरीपासून २०.४ ने लांब, दुसरं १७.६ ने. वर्ग केले तर ४१६ आणि ३१०, बेरीज ७२६. आता बाकीची चाळीस पोरं जवळजवळ सरासरीवरच बसवा, त्यांनी विचलनात काही भर घालू नये म्हणून. तरीही ७२६ ला ४१ ने भागून वर्गमूळ घेतलं की ४.२ येतात. म्हणजे कसंही केलं तरी या तुकडीचं विचलन ४.२ च्या खाली जाणार नाही. १.४७ अशक्य. राहिला ९.४७.

विट्याची_मास्तरीण

काका, हे फारच भारी! मी कमीत कमी–जास्तीत जास्त हे रकाने नुसते सोडून दिले होते. मग ४९ चं काय? तिथेही शेपूट तसंच आहे. ब चा पट ५१ आहे, पण परीक्षेला किती बसले ते आठवत नाही. गैरहजर बरेच होते.

निवृत्त_गणक

त्यालाही एक युक्ती आहे. पण आधी सांगा, उत्तरपत्रिकेत अर्धा गुण देता का? आणि दिलात तर एकूण गुणांत तो तसाच राहतो का?

विट्याची_मास्तरीण

प्रश्नाला अर्धा देतो. पण एकूण बेरीज पूर्णांकातच लिहायची, अर्धा असेल तर वर ढकलतो.

निवृत्त_गणक

मग झालं. गुण पूर्णांक, म्हणजे तुकडीची एकूण बेरीजही पूर्णांक. ब ची सरासरी ५६.१५. मुलं ४९ असतील तर बेरीज २७५१ च्या आसपास हवी. २७५१ ला ४९ ने भागा, ५६.१४ येतं. २७५२ ला भागा, ५६.१६ येतं. मधला ५६.१५ येतच नाही, मध्ये पूर्णांकच नाही. आता ४१ घ्या. २३०२ भागिले ४१ म्हणजे ५६.१४६, दोन स्थळांपर्यंत ५६.१५. बसलं. म्हणून बसलेले ४१.

हे जमतं ते मुलं शंभरच्या आत आणि सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिली आहे म्हणून. दोनशे मुलं असती तर कुठलीही सरासरी कुठल्याशा बेरजेवर बसली असती. अर्धे गुण राहू दिले असते तरी युक्ती पांगळी झाली असती. ४९ मुलांत अर्धा गुण चालत असता तर २७५१.५ ला ४९ ने भागून ५६.१५ आरामात आलं असतं, आणि आपण परत १ की ९ करत बसलो असतो.

अ ची सरासरीही तपासून घ्या: २५७९ भागिले ४२ म्हणजे ६१.४०. ठीक आहे.

अभि_पलूस

काका, ही तपासणी विचलनालाही लागू होईल ना? वर्गांची बेरीजसुद्धा पूर्णांकच असते.

निवृत्त_गणक

तत्त्व बरोबर, इथे उपयोग नाही. दोन स्थळांपर्यंत लिहिलेल्या १२.३१ मागे खरा आकडा १२.३०५ ते १२.३१५ मध्ये कुठेही असू शकतो. त्याचा वर्ग करून ४० ने गुणलं की ही फट जवळजवळ दहाची होते. दहाच्या फटीत पूर्णांक सापडणारच, मग नापास कोण होणार? वर्गात चार-पाचच पोरं असती तर काही हाती लागलं असतं.

आता तुमच्या चढण्याकडे. दोन इंटरव्हल एकमेकांवर चढले म्हणून फरक नाही, ही समजूत मी नोकरीत असताना साहेबांच्या तोंडूनही ऐकली आहे. तुम्ही काय करताय बघा: अ ची स्टँडर्ड एरर १.४६, ब ची १.९२, आणि चढणं बघताना नकळत त्यांची सरळ बेरीज करताय, ३.३८. पण दोन्ही तुकड्यांतली चूक एकाच वेळी एकमेकींच्या विरुद्ध टोकाला जाईल ही शक्यता कमी. म्हणून फरकाची स्टँडर्ड एरर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असते. काटकोन त्रिकोणात कर्ण दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो, तसंच. इथे कर्ण २.४१ येतो, ३.३८ नाही.

चढत नसतील तर फरक आहे हे मात्र खरं. उलटं खरं नाही. थोडं चढत असताना फरकाचा इंटरव्हल शून्य सोडून जाऊ शकतो, आणि इथे नेमकं तेच होतंय.

मास्तरीणबाई, एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=SQRT(9.47^2/42 + 12.31^2/41)
=T.INV.2T(0.05, 75)
```

पहिल्याचं उत्तर २.४१५, दुसऱ्याचं १.९९२. गुणाकार ४.८१. फरक ५.२५. म्हणून ०.४४ ते १०.०६.

विट्याची_मास्तरीण

म्हणजे माझा १.७७ ते ८.७३ हा उगाच आखूड होता. पण काका, तो ७५ कुठून आला? ४२ आणि ४१ मिळून ८३, दोन वजा केले तर ८१ हवेत ना?

निवृत्त_गणक

८१ तेव्हा, जेव्हा दोन्ही तुकड्यांचा खरा पसारा सारखाच आहे असं आपण धरतो. इथे ९.४७ आणि १२.३१, मी तसं धरणार नाही. पसारा वेगळा धरला की डिग्रीज ऑफ फ्रीडम वेल्चच्या १९४७ च्या सूत्राने काढतात. प्रत्येक तुकडीचा विचलनाचा वर्ग भागिले संख्या घ्या: अ साठी २.१३५, ब साठी ३.६९६. त्यांच्या बेरजेचा वर्ग वर. खाली, प्रत्येकाचा वर्ग भागिले संख्या वजा एक, त्यांची बेरीज.

```
=(2.135+3.696)^2/(2.135^2/41+3.696^2/40)
```

७५.१ येतात. एक्सेल तो पूर्णांकच धरतो, म्हणून मी थेट ७५ टाकले. ब चा पसारा जास्त आहे, त्यामुळे ८१ पैकी काही हातातून गेले.

अभि_पलूस

मी आत्ता पसारा सारखा धरूनही काढलं. ०.४६ ते १०.०४. म्हणजे फरकच पडला नाही! मग एवढा खटाटोप कशाला?

निवृत्त_गणक

कारण दोन्ही तुकड्या जवळजवळ सारख्याच मोठ्या आहेत. एक तुकडी पंधराची आणि दुसरी साठची असती, आणि पसारा छोट्या तुकडीत जास्त असता, तर सारखा धरणारं गणित तुम्हाला फसवून गेलं असतं. वेल्च वापरला तर तो विचारच करावा लागत नाही. मी म्हणून कायम वेल्चच.

जतचा_गुरुजी

नमस्कार. मी जत तालुक्यातल्या प्राथमिक शाळेवर आहे. धागा वाचून माझा गोंधळ उलट वाढला ओ. माझ्याकडे चौथीची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी आहे. तीच २३ पोरं. आधी सरासरी २८.४, नंतर ३३.१, पन्नासपैकी. दोन्हींचं विचलन साडेनऊच्या आसपास. वरच्या पद्धतीनं केलं तर इंटरव्हल शून्याच्या खाली जातोय. पोरं तर समोर दिसतायत की सुधारलेली! मग आकडे खोटं बोलतायत का मी?

निवृत्त_गणक

गुरुजी, तुम्हीही खोटं बोलत नाही आणि आकडेही. प्रश्नच वेगळा आहे. मास्तरीणबाईंच्या दोन तुकड्यांत वेगवेगळी मुलं आहेत. तुमच्याकडे तीच मुलं दोनदा आलीत. जो आधी ४० वर होता तो नंतरही वरच असणार. मुलामुलांतला हा कायमचा उंच-सखलपणा दोन्ही विचलनांत भरलेला आहे, तो काढून टाकायला हवा.

प्रत्येक पोराचे नंतरचे वजा आधीचे गुण लिहा. २३ आकडे होतील. त्यांची सरासरी ४.७ च येईल. पण त्यांचं विचलन साडेनऊपेक्षा बरंच कमी येण्याची शक्यता आहे. त्याला २३ च्या वर्गमुळाने भागा आणि २२ डिग्रीजचा २.०७ ने गुणा. अडचण एकच, गोषवाऱ्यावरून हे काढता येत नाही. दोन सरासऱ्या आणि दोन विचलनं हातात असून उपयोग नाही, पोरनिहाय यादी लागेल.

जतचा_गुरुजी

यादी आहे. पण उत्तरचाचणीला दोन पोरं ऊसतोडीला गेलेली, त्यांच्या जागी दोन नवीन आली. २३ च्या २३ च राहिली म्हणून ध्यानात आलं नव्हतं.

निवृत्त_गणक

मग जोड्या २१ च. नवी दोन आणि गेलेली दोन बाजूला ठेवा. गुणक २.०९ होईल.

हरिपूरची_सई

मी जरा खडा टाकते. अ आणि ब मध्ये मुलं कशी वाटली? आमच्याकडे दहावीच्या टक्क्यांप्रमाणे वाटतात, वरची अ मध्ये. तसं असेल तर इंटरव्हल ०.४ पासून असो की ४ पासून, जादा तासाबद्दल तो काहीच सांगत नाही. हुशार मुलं हुशार निघाली एवढंच.

आणि दुसरं. बसलेली सगळीच मुलं मोजली आहेत ना? मग नमुना कसला? फरक ५.२५ आहे, संपला विषय. इंटरव्हल कशाचा?

विट्याची_मास्तरीण

सई, टक्क्यांनी नाही वाटत. प्रवेशाच्या क्रमाने वाटतात. पण आधी प्रवेश घेणारी मुलं जरा तयारीची असतात हेही खरं. ब मधले दहा जण गैरहजर होते, ते कोण होते तेही बघायला हवं.

निवृत्त_गणक

सईताईंचा पहिला खडा नेमका बसलाय. गणिताचं काम एवढंच सांगायचं की हा फरक नुसत्या योगायोगाच्या पलीकडचा वाटतो का. तो कशामुळे, हे इंटरव्हलला ठाऊक नाही. दहावीचे गणिताचे गुण मिळाले तर दोन्ही तुकड्यांची तीच तुलना आधी करा. तिथेच पाच गुणांचा फरक निघाला तर जादा तासाचं नाव घेऊ नका.

दुसऱ्या खड्यावर माझं मत वेगळं आहे. यंदाची हीच मुलं एवढंच विचारायचं असेल तर तुमचं खरं. पण पुढच्या वर्षीच्या मुलांनाही जादा तास द्यायचा का, असं कॉलेज विचारतंय. तेव्हा ही ८३ मुलं अशा मुलांचा नमुना म्हणून धरतो आपण. धरतो, हं. ते गृहीतक आहे.

हरिपूरची_सई

धरतो म्हणून तो नमुना होत नाही, काका. यादृच्छिक निवड कुठेच झाली नाही. यावर आपलं पटणार नाही, असू दे.

अभि_पलूस

एक राहिलं. विचलन n ने भागून काढलं की n वजा एकने? कॅल्क्युलेटरवर दोन्ही बटणं असतात, `xσn` आणि `xσn-1`. बोर्डाच्या पुस्तकात n ने भागतात. सर कुठलं दाबतात?

विट्याची_मास्तरीण

सरांकडे जुना कॅसिओ आहे, पण कुठलं बटण ते देवाला ठाऊक.

निवृत्त_गणक

चांगला प्रश्न. n ने भागलं असेल तर वरच्या सूत्रात ४२ च्या जागी ४१ आणि ४१ च्या जागी ४० टाका, बाकी तसंच. इंटरव्हल ०.३८ ते १०.१२ होतो. आधीचा ०.४४ ते १०.०६. दोन्ही एका दशांशापर्यंत लिहा: ०.४ ते १०.१. बटणाचा वाद मिटला. गचाळ फोटोवरून काढलेल्या आकड्याला दोन दशांश स्थळं शोभतही नाहीत.

विट्याची_मास्तरीण

आज सरांचा पंढरपूरच्या वाटेवरून फोन लागला. ब मध्ये बसलेले ४१ च, हे त्यांना पक्कं आठवतं, कारण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनीच बांधला होता. ९.४७ बद्दल म्हणाले, "माझा नऊ आहे तो, एकासारखा दिसतो हे लोकांचं म्हणणं." बटण विचारलं तर हसले.

दहावीचे गुण ऑफिसातून उद्या मिळतील. गैरहजर दहांपैकी सहा जण एसटीने येणारे आहेत आणि त्या दिवशी गाडी आलीच नव्हती. ते हुशार की कच्चे, काही अंदाज नाही. सभेत मी "जादा तास घेतलेली तुकडी सरासरी पाच गुणांनी पुढे, अंदाज अर्ध्यापासून दहा गुणांपर्यंत" एवढंच सांगणार होते.

हरिपूरची_सई

अर्धा ते दहा? पालक फक्त दहा ऐकतील.

निवृत्त_गणक

अर्धा आधी सांगा आणि जरा थांबा. आणि दहावीचे गुण येईपर्यंत "जादा तास घेतलेली" हे शब्द काढून नुसतं "अ तुकडी" म्हणा.

जतचा_गुरुजी

काका, माझ्या २१ जोड्यांच्या फरकाचं विचलन ५.८ आलं. सरासरी फरक आता ४.७ नाही, ४.३ झाला, ती चार पोरं गेल्यावर. इंटरव्हल १.७ ते ६.९. बरोबर आहे का बघा की.

निवृत्त_गणक

५.८ भागिले २१ चं वर्गमूळ, १.२७. गुणिले २.०९ म्हणजे २.६५. बरोबर आहे, गुरुजी. ती ऊसतोडीची दोन पोरं परत आली की त्यांचीही चाचणी घेऊन ठेवा.